अडलेलं दुसरं प्रकरण

शोधगंगा या संकेतस्थळावर मराठीतले शिक्षणशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे पीएच.डी. प्रबंध चाळले, तर अनेकांचं दुसरं प्रकरण एकसारखं दिसतं. नाव ‘संबंधित साहित्याचा आढावा’. आत दोन भाग, ‘भारतातील संशोधने’ आणि ‘परदेशातील संशोधने’. प्रत्येक भागात एका संशोधकाचं नाव, वर्ष, शीर्षक, उद्दिष्टं, नमुना, निष्कर्ष, आणि लगेच पुढचं नाव. ही रचना वाचणाऱ्याला कंटाळवाणी वाटते, पण तिचा खरा जाच लिहिणाऱ्याला होतो, कारण तिला शेवट नाही. तीस नावं झाली की गाइड म्हणतात, अलीकडचं काही दिसत नाही. पन्नास झाली की संशोधन सल्लागार समितीतलं कुणीतरी एक्कावन्नावं सुचवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार विद्यार्थ्याला दर सत्रात या समितीपुढे उभं राहायचं असतं, आणि सत्रामागून सत्र ‘साहित्याचा आढावा सुरू आहे’ एवढंच सांगणारे विद्यार्थी प्रत्येक विभागात भेटतात.

प्रकरण खरोखर अडलं आहे की नुसता वेळ लागतो आहे, हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. लिहून झालेल्या मजकुरातले कुठलेही दोन परिच्छेद घ्या आणि त्यांची अदलाबदल करा. काहीच बिघडलं नाही, तर ते प्रकरण नसून यादी आहे. दुसरी खूण अशी की नवं वाचलेलं प्रत्येक पुस्तक पानं वाढवतं, पण प्रबंधाच्या अनुक्रमणिकेत एक शब्दही बदलत नाही.

प्रबंध कसा लिहावा यावर इंग्रजीत पुस्तकांचं मोठं कपाट आहे. त्यातली बहुतेक पुस्तकं संदर्भ कसे शोधावेत, टिपणं कशी काढावीत, संदर्भसूची कशी मांडावी हे सांगतात. ज्याला सुरुवात करायची आहे त्याला ती उपयोगाची आहेत. पण दीड-दोन वर्षं वाचून जो अडला आहे, त्याला वाचायची आणखी एक पद्धत नको असते. त्याला वाचलेल्याचं आता करायचं काय, हे हवं असतं. हे सांगणारी पुस्तकं मोजकी आहेत, आणि माझ्या मते ती ठरावीक क्रमाने वाचली तर जास्त उपयोगी पडतात.

पहिलं हॉवर्ड बेकर यांचं ‘रायटिंग फॉर सोशल सायंटिस्ट्स’. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते 1986 मध्ये काढलं, आणि 2020 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. बेकर अमेरिकेतले नावाजलेले समाजशास्त्रज्ञ होते आणि जॅझ पियानोवादकही. 2023 मध्ये ते वारले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात संशोधक विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लेखनाचा वर्ग घेतला होता, त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. अडलेल्या विद्यार्थ्याने त्यातलं आठवं प्रकरण आधी वाचावं. पूर्वसूरींच्या लेखनाची जी दहशत बसते, तिच्यावरच ते आहे. प्रकरण छोटं आहे, एका बैठकीत होतं.

बेकर यांचं म्हणणं असं. तुम्ही एक टेबल बनवताय. त्याचा आराखडा तुमचा आहे, पण त्याचे सगळे भाग तुम्हीच घडवायला हवेत असं नाही. काही भाग आधीच कुणीतरी नीट घडवून ठेवले आहेत, ते आणून जागच्या जागी बसवायचे. आधीच्या अभ्यासकांचं लेखन म्हणजे हे तयार भाग. आराखडाच नसेल तर दुकानातला प्रत्येक भाग घरी आणावासा वाटणार. न संपणारा आढावा म्हणजे नेमकं हेच आहे.

पण बेकर यांचा याहून मोलाचा इशारा दुसरा आहे. आधीचं साहित्य कधी कधी आपला विचार वाकवतं, असं ते सांगतात आणि उदाहरण स्वतःच्याच कामाचं देतात. 1953 साली गांजा ओढणाऱ्यांवरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्या काळच्या साहित्यात एकच प्रश्न घुमत होता, की माणसं असलं विचित्र वर्तन का करतात? बेकर त्या प्रश्नाचं खंडन करत राहिले आणि त्यांचा अभ्यास ‘विचलित वर्तना’च्या कप्प्यात जाऊन बसला. त्यांच्या हाती आलेली गोष्ट त्याहून मोठी होती. शरीरात जे जाणवतं त्याला अर्थ द्यायला माणूस इतरांकडून कसा शिकतो, हे त्यांच्या मुलाखतींत दिसत होतं. त्या दिशेने त्यांना जाता आलं असतं, पण साहित्याने प्रश्न आधीच ठरवून दिला होता. आढावा लिहिताना आपण ज्यांना उत्तर देतोय त्यांचाच प्रश्न नकळत आपला होतो का, हे तपासायला हवं. आपल्याकडचं कुठलंही मार्गदर्शक पुस्तक ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे सांगताना मी पाहिलेलं नाही.

आराखडा आधी हवा हे पटलं, तरी तो कसा करायचा हे बेकर फारसं सांगत नाहीत. तिथे पॅट्रिक डनलेव्ही यांचं ‘ऑथरिंग अ पीएच.डी.’ घ्यावं. 2003 चं हे पुस्तक आहे आणि लेखक तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. ते प्रबंधाकडे शब्दांच्या हिशेबाने पाहतात. ब्रिटिश पद्धतीचा प्रबंध साधारण 80,000 शब्दांचा धरला, तर दहा-दहा हजारांची आठ प्रकरणं होतात. त्यातली पाच तुमच्या स्वतःच्या संशोधनाची हवीत. त्याला ते प्रबंधाचा गाभा म्हणतात. गाभ्याआधीची प्रस्तावनेची प्रकरणं दोनपेक्षा जास्त नकोत आणि शेवटचं एक बाहेर पडण्याचं.

हा हिशेब समोर ठेवला की अडचण कुठे आहे ते दिसतं. बहुतेक विद्यार्थी मोठ्या विषयापासून सुरुवात करून निमुळते होत जातात. आधी जागतिक स्थिती, मग भारत, मग महाराष्ट्र, मग सिद्धान्त, मग साहित्याचा आढावा, मग संशोधन पद्धती. स्वतःची सामग्री सुरू होईपर्यंत अर्धा प्रबंध संपलेला असतो आणि विद्यार्थीही थकलेला असतो. विश्लेषणाची प्रकरणं मग घाईत उरकली जातात. डनलेव्ही याच रचनेपासून सावध करतात. याच्या उलट रचना, म्हणजे आपली सामग्री लगेच मांडून तिचा मोठ्या चर्चेशी संबंध शेवटी जोडणं, ही विज्ञानाच्या लेखांत दिसते. ते सुचवतात तो मधला मार्ग. सुरुवातीला वाचकाला लागेल तेवढंच साहित्य द्यायचं, गाभा लवकर सुरू करायचा, आणि उरलेलं साहित्य जिथे उपयोगी पडतं त्या त्या प्रकरणात आणायचं. एखादं पुस्तक मोजमापाबद्दल असेल तर ते पद्धतीच्या प्रकरणात जाईल. एखादं तुमच्या निष्कर्षाला विरोध करत असेल तर ते निष्कर्षाच्या प्रकरणातच भेटायला हवं. दुसऱ्या प्रकरणावर एवढं ओझं टाकायची गरजच नाही, हे कळलं की निम्मी गाठ सुटते.

या पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. ते सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्यांसाठी लिहिलेलं आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला किंवा वैद्यकातल्या पद्धतशीर आढाव्याला, जिथे कोणत्या शब्दांनी शोधलं आणि किती लेख वगळले याचा हिशेब द्यावा लागतो, त्याला ते फारसं लागू पडत नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांचा किंवा विभागांचा साचा ठरलेला असतो आणि त्यात आढाव्याचं स्वतंत्र प्रकरण लागतंच. ते ठेवावं. फक्त त्यात सगळं कोंबू नये.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं, ते एका विषयावर पाहू. समजा, विषय असा आहे: मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या भागात निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. म्हणजे वर्षाचा मधला मोठा तुकडा मुलाच्या हातून जातो. विद्यार्थ्याने पुष्कळ वाचलं आहे आणि तो अडला आहे. त्याच्या ढिगातली पाचच कामं घेऊ.

एक, डच अभ्यासक यान ब्रेमन यांचा 1978 चा अभ्यास. तो गुजरातमधल्या बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांवर आहे, पण आपल्यासाठी जवळचा आहे, कारण तिथे तोडीला येणारे मजूर मुख्यतः खानदेशातले होते. दोन, ज्याँ द्रेझ आणि गीता किंगडन यांचा 2001 चा लेख. उत्तर भारतात केलेल्या घरोघरच्या सर्वेक्षणावरून मूल शाळेत जाणं कशाकशावर अवलंबून असतं, हे त्यांनी तपासलं. तीन, स्मिता यांचा 2008 चा हंगामी स्थलांतर आणि मुलांच्या शिक्षणावरचा प्रबंधिकावजा अहवाल. चार, कॅरोलिन डायर यांचं 2014 चं पुस्तक. ते कच्छच्या रबारी या फिरत्या पशुपालकांच्या शिक्षणावर आहे. पाच, कीथ लेविन यांची 2007 ची मांडणी. शाळेतून वगळलं जाणं म्हणजे फक्त नाव नसणं नव्हे, त्याचे अनेक टप्पे आहेत आणि पटावर नाव असूनही मूल वगळलेलं असू शकतं, असं ते म्हणतात.

यादीच्या पद्धतीने यांचे पाच परिच्छेद होतील. त्यातले ब्रेमन ‘परदेशी संशोधक’ की ‘भारतातील संशोधन’, यावर वाद घालण्यात एक दुपार जाईल. त्याऐवजी जेन वेबस्टर आणि रिचर्ड वॉटसन यांनी 2002 मध्ये सुचवलेला तक्ता करावा. हे पुस्तक नाही, माहिती-व्यवस्थापनाच्या एका नियतकालिकातला लेख आहे, पण त्यातली युक्ती कुठल्याही विषयाला चालते. आडव्या ओळींत एकेक काम लिहायचं आणि उभ्या रकान्यांत संकल्पना. आढावा लिहायचा तो रकान्यांवरून, ओळींवरून नाही. एक्सेलमध्ये करा किंवा मोठ्या कागदावर, फरक पडत नाही.

सगळं कौशल्य रकाने निवडण्यात आहे. ‘उद्दिष्टं’, ‘नमुना’, ‘निष्कर्ष’ असे रकाने केले तर तीच यादी चौकटीत बसते, बाकी काही होत नाही. रकान्याचं डोकं म्हणजे असा प्रश्न हवा, ज्याला ही पाच कामं वेगवेगळी उत्तरं देतील. आपल्या विषयासाठी मी चार प्रश्न घेईन. मूल शाळेबाहेर जाण्याचं कारण कुठे आहे? मूल मोजलं कुठे आणि कसं? शाळेचं वेळापत्रक आणि कामाचा हंगाम यांच्याबद्दल हे काम काय म्हणतं? आणि मूल परत वर्गात येतं तेव्हा तिथे काय होतं?

आता तक्ता भरायला घेतला की पहिल्याच रकान्यात मतभेद दिसतो. द्रेझ आणि किंगडन कारण घरात आणि शाळेत शोधतात. आईवडिलांचं शिक्षण, शाळेची गुणवत्ता, मुलींच्या बाबतीत मध्यान्ह भोजन अशा गोष्टींचं वजन ते मोजतात. ब्रेमन यांचा सगळा रोख मजुरीच्या बाजारावर आहे. उचल, मुकादम आणि कारखाना यांनी कुटुंब बांधलेलं असतं, त्यात पालकाच्या इच्छेला फारसा वाव उरत नाही. डायर तिसरीकडे बोट दाखवतात. त्यांच्या मते शाळा नावाची व्यवस्थाच असं धरून चालते की मूल एका जागी राहतं, आणि जे राहत नाही ते तिला दोषी वाटतं. म्हणजे एकाच प्रश्नाला तीन उत्तरं आली: घर, बाजार, शाळेचं रूप. पाच परिच्छेद गेले आणि त्यांच्या जागी एक वाद आला. आता परिच्छेदांची अदलाबदल करता येणार नाही, कारण दुसरा पहिल्याला उत्तर देतो.

चौथा रकाना मात्र जवळजवळ रिकामा राहतो. लेविन यांच्याकडे त्यासाठी संकल्पना आहे, कारण पटावर असूनही वगळलं जाणं ते ओळखतात. स्मिता हंगाम आणि शाळेचं वर्ष यांचा संघर्ष तपशिलाने दाखवतात. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी परतलेलं मूल बाकावर बसतं, तेव्हा शिक्षक त्याला कुठून शिकवायला घेतात, परीक्षेचं काय करतात, शेजारचं मूल त्याला काय म्हणतं, हे वर्गाच्या आतून पाहिलेलं या पाचांत सापडत नाही. इथे विद्यार्थ्याला आपली जागा दिसते. पण हा निष्कर्ष पाच कामांपुरताच आहे, हे विसरायचं नाही. वेबस्टर आणि वॉटसन पुढची पायरी सांगतात. या पाचांनी ज्यांचा आधार घेतला ती जुनी कामं पाहायची, आणि या पाचांचा आधार ज्यांनी नंतर घेतला ती नवी कामंही शोधायची. त्या शोधात चौथा रकाना भरणारं काही निघालं तर प्रश्न बदलायचा. नवी कामं मिळताहेत, पण नवा रकाना काढायची वेळ येत नाही, असं झालं की वाचन थांबवायला हरकत नाही. समितीतलं कुणी एक्कावन्नावं नाव सांगितलं, तर ते कुठल्या रकान्यात बसतं एवढंच पाहायचं.

रिकाम्या जागेबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडचे अनेक सिनॉप्सिस इथेच घसरतात. ‘बीड जिल्ह्यात असा अभ्यास आजवर झालेला नाही’ हे वाक्य संशोधनाची गरज म्हणून सर्रास येतं. जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञाने संशोधनलेखांच्या प्रस्तावना तपासून त्यांची तीन पावलं सांगितली. 1990 च्या त्यांच्या पुस्तकात ती नीट मांडलेली आहेत. आधी क्षेत्र दाखवायचं, मग त्यातली मोकळी जागा दाखवायची, मग ती आपण कशी भरणार ते सांगायचं. क्रिस्टीन फीक यांच्यासोबत त्यांनी 1994 मध्ये ‘अकॅडमिक रायटिंग फॉर ग्रॅज्युएट स्टुडंट्स’ हे सरावाचं पुस्तक काढलं, आणि ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना विशेष उपयोगी आहे. पण ही तीन पावलं पाठ करणाऱ्याला वाटतं की कुठलीही मोकळी जागा चालेल. तसं नाही. बीड जिल्ह्यात अभ्यास झाला नाही तसाच जगातल्या हजारो जिल्ह्यांत झालेला नाही.

याचं उत्तर ‘द क्राफ्ट ऑफ रिसर्च’ या पुस्तकात मिळतं. वेन बूथ, ग्रेगरी कोलंब आणि जोसेफ विल्यम्स यांनी ते 1995 मध्ये लिहिलं आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. त्यांची कसोटी तीन टप्प्यांची आहे. मी कशाचा अभ्यास करतो, मला त्यातलं काय शोधायचं आहे, आणि ते कळल्याने वाचकाला दुसरं काय मोठं समजेल. तिसरा टप्पा भरता आला नाही तर ती जागा मोकळी असली तरी निरुपयोगी आहे. आपल्या उदाहरणात तो असा भरेल: मी परतलेल्या मुलांचा वर्गातला अनुभव पाहतो, कारण शिक्षक त्यांना शिकवायला कुठून सुरुवात करतात ते मला शोधायचं आहे, आणि त्यातून मूल सुटण्याचं कारण घर व बाजार यांच्यापलीकडे वर्गाच्या रोजच्या कामातही आहे का, हे कळेल. आता बीड जिल्हा ही फक्त अभ्यासाची जागा झाली. अभ्यासाचं कारण तीन उत्तरांच्या वादातून आलं.

एवढं जमूनही काही जण लिहिताना पुन्हा यादीवर येतात. त्याचं कारण बार्बरा कॅमलर आणि पॅट थॉमसन यांच्या ‘हेल्पिंग डॉक्टरल स्टुडंट्स राइट’ या 2006 च्या पुस्तकात सापडतं. ते मुळात गाइड मंडळींसाठी आहे, आणि प्रत्येक गाइडने वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्यांचा मुद्दा असा की प्रबंध लिहिणं आणि अभ्यासक म्हणून उभं राहणं ही एकाच वेळी चालणारी कामं आहेत. ज्याला स्वतःला अजून विद्यार्थीच समजायची सवय आहे, तो मोठ्या नावांची वर्गवारी कशी करणार? ब्रेमन आणि द्रेझ यांच्यात आपण मध्यस्थ व्हायचं, ही कल्पनाच त्याला उद्धट वाटते. म्हणून प्रत्येक वाक्याचा कर्ता एखादं मोठं नाव होतं आणि लिहिणारा दिसेनासा होतो. आपल्याकडे गुरूपुढे बोलू नये या संस्काराने हे आणखी घट्ट होतं.

हे वाक्यात कसं दिसतं ते पाहा. जुना मसुदा असा असेल:

‘ब्रेमन (1978) यांनी बारडोली परिसरातील ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला. द्रेझ व किंगडन (2001) यांनी ग्रामीण भागातील शालेय सहभागाचा अभ्यास केला. डायर (2014) यांनी पशुपालक समाजाच्या शिक्षणाचा अभ्यास केला.’

तीनही वाक्यांत चूक एकही नाही, आणि सांगितलेलंही काही नाही. आता तक्त्याच्या पहिल्या रकान्यावरून लिहिलेला परिच्छेद:

‘मूल शाळेबाहेर का जाते, याचे कारण अभ्यासकांनी तीन ठिकाणी शोधले आहे. शालेय सहभागाची सर्वेक्षणे ते कुटुंबात आणि शाळेच्या गुणवत्तेत पाहतात (द्रेझ व किंगडन 2001). मात्र उचल घेऊन बांधल्या गेलेल्या कुटुंबाला निवडीला वाव किती, हा प्रश्न त्यांच्या चौकटीत येत नाही. हंगामी मजुरीचे अभ्यास तो पुढे आणतात (ब्रेमन 1978), परंतु त्यांचा विषय मजूर आहे, विद्यार्थी नाही. भटक्या समाजांवरील लेखन लक्ष शाळेकडेच वळवते: स्थिर राहणाऱ्या मुलासाठी घडलेली शाळा फिरत्या मुलाला सामावू शकते का (डायर 2014)? प्रस्तुत प्रबंध हा तिसरा प्रश्न ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वर्गात नेऊन तपासतो.’

नावं तीच आहेत, पण ती कंसात गेली. वाक्यांचे कर्ते आता प्रश्न, कारण आणि अभ्यासप्रकार आहेत. ‘मात्र’ आणि ‘परंतु’ हे शब्द आले, म्हणजे लिहिणाऱ्याने बाजू घेतली. शेवटच्या वाक्यात तो स्वतः आला. या परिच्छेदातल्या प्रत्येक विधानाला परीक्षक हरकत घेऊ शकतो, आणि प्रबंधात तेच हवं असतं.

असं लिहायची सवय नसेल तर कॅमलर आणि थॉमसन एक सराव सुचवतात. आवडलेल्या लेखातला एक परिच्छेद घ्यायचा, त्यातला विषयाचा सगळा मजकूर काढून टाकायचा आणि उरलेला वाक्यांचा सांगाडा आपल्या मजकुराने भरायचा. इथे वाङ्मयचौर्याची भीती अनेकांना वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम दहा टक्क्यांपेक्षा जास्त साम्य आढळलं तर कारवाईचे टप्पे सांगतात, त्यामुळे भीती रास्त आहे. पण ‘याचे कारण अभ्यासकांनी तीन ठिकाणी शोधले आहे’ ही वाक्यरचना कुणाच्या मालकीची नसते. कल्पना आणि शब्द दुसऱ्याचे घेतले तर चोरी. उलट, साम्य टाळण्यासाठी दुसऱ्याच्या गोषवाऱ्यातले शब्द फिरवून लिहिण्याची जी रीत पडली आहे, ती यादीच्या पद्धतीतूनच येते. तक्त्यावरून लिहिणाऱ्यापुढे कुणाचा गोषवारा उघडा नसतोच.

उंबेर्तो एको यांचं 1977 चं प्रबंधलेखनावरचं इटालियन पुस्तक या यादीत अनेकजण पहिलं ठेवतात. 2015 मध्ये ते इंग्रजीत आलं. मी ते शेवटी ठेवतो, कारण ते पीएच.डी.साठी नसून इटलीतल्या पदवीच्या प्रबंधासाठी आहे आणि त्यातला बराच भाग ग्रंथालयातल्या कार्डांचा आहे. तरीही त्यातल्या दोन गोष्टी आजही लागू आहेत. अनुक्रमणिका अगदी सुरुवातीलाच लिहा आणि ती सतत बदलत ठेवा, हे एक. दुसरी फोटोकॉपीबद्दलची. झेरॉक्स काढून आणली की वाचल्याचं समाधान मिळतं आणि वाचन राहून जातं, असं एको बजावतात. आज त्या जागी शेकडो पीडीएफचं फोल्डर आहे. ज्या पीडीएफची तक्त्यात ओळ नाही ती वाचलेली नाही असं धरावं.

ही पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याला स्वेल्स-फीक यांचे वाक्यांचे सराव जसेच्या तसे उपयोगी नाहीत. पण बेकर यांचं आठवं प्रकरण, डनलेव्ही यांचं प्रबंधाच्या रचनेवरचं प्रकरण आणि तक्ता यांना भाषेची अडचण नाही. वेळ कमी असेल तर एवढंच वाचावं. आणि गाइडना किंवा विद्यापीठाच्या साच्याला नाव-वर्ष-उद्दिष्ट-निष्कर्ष अशी यादी हवीच असेल, तर तिच्यासाठी भांडण करू नये. तीच माहिती कोष्टकात घालून ते परिशिष्टात जोडावं, दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला त्याचा उल्लेख करावा आणि प्रकरण रकान्यांवरून लिहावं. परीक्षकाला सगळी नावं एका जागी मिळतात आणि प्रकरणातली पानं वादासाठी मोकळी राहतात.